टँकर आला की डिझेल कमी, संपत आलं की बरोबर : आडव्या टाकीच्या डीपचा हिशेब

चोपडा तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये मी स्टोअर सांभाळतो. आवारात पत्र्याच्या शेडखाली डिझेलची आडवी गोल टाकी आहे, दोन काँक्रीटच्या खुर्च्यांवर ठेवलेली. लाईट गेली की जनरेटर, कपाशीच्या गंज्या हलवायला लोडर आणि चार ट्रॅक्टर, सगळ्यांचं डिझेल याच टाकीतून मीटरच्या नळीने निघतं. मागच्या हंगामात या टाकीने आम्हाला तीन महिने छळलं. दर टँकरला तोच घोळ व्हायचा. आजूबाजूच्या जिनिंगवाल्यांशी आणि केळीच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांशी बोलल्यावर कळलं की त्यांच्याकडेही हेच चालू आहे. म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

दुखणं असं होतं. टँकर ५,००० लिटर ओतून जायचा. टाकीत डीप रॉड टाकून मोजलं की आमच्या हिशेबाने साडेआठशे-नऊशे लिटर कमी भरायचं. ड्रायव्हरशी वाद व्हायचा आणि चलनावर शेरा मारला जायचा. मग टाकी रोज थोडी थोडी रिकामी होत जाई, तशी ही तूटही रोज थोडी थोडी भरून निघे. पुढचा टँकर यायच्या वेळी रजिस्टर आणि डीप जवळपास जुळलेले असत. आणि टँकर आला की पुन्हा तूट.

इथेच आम्ही चुकलो. तूट फक्त टँकरच्या दिवशी दिसते म्हणजे टँकरवालाच चोर, असा आम्ही अर्थ काढला. खरं तर चोरीला गेलेलं डिझेल परत येत नसतं. तूट आपोआप भरून निघत असेल तर डिझेल गेलेलंच नाही, मोजणी चुकते आहे. हे मला पहिल्याच महिन्यात सुचायला हवं होतं. त्या तीन महिन्यांत एका भल्या माणसाला आम्ही बरंच बोललो. अमळनेरकडचा तो ड्रायव्हर प्रत्येक वेळी सील दाखवायचा, वैधमापनचा दाखला दाखवायचा, टँकरच्या कप्प्यात आमच्यासमोर रॉड टाकायचा आणि म्हणायचा, "मना टँकरमा एक थेंब बी कमी नही शे, भाऊ." त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

सेंटिमीटरला किती लिटर?

आमच्या टाकीचा आतला व्यास १६० सेंटिमीटर, लांबी ५०० सेंटिमीटर, आणि दोन्ही टोकं सपाट पत्र्याची. काठोकाठ भरली तर १०,०५३ लिटर. माझ्या आधीच्या स्टोअरकीपरने भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं : "१ सेंमी = ६२.८ लिटर". १०,०५३ ला १६० ने भागलं की हाच आकडा येतो. टाकी उभी असती तर हे अगदी बरोबर होतं, कारण उभ्या टाकीत डिझेलचा पृष्ठभाग वर-खाली सगळीकडे सारखाच असतो. गच्चीवरची पाण्याची टाकी तशीच असते, म्हणून ही सवय आपल्या अंगात मुरलेली आहे.

आडव्या टाकीचं तसं नाही. दोनशे लिटरचा एखादा ड्रम आडवा पाडा, त्यात थोडं पाणी ओता आणि बुचाच्या भोकातून बघा. तळाशी पाण्याची एक अरुंद पट्टी दिसेल. ओतत राहिलात तर मधोमध येईपर्यंत ती रुंदावत जाते आणि त्याच्या वर पुन्हा आकसायला लागते. पट्टी जितकी रुंद, तितकं त्या एका सेंटिमीटरमध्ये डिझेल जास्त मावतं.

आमच्या टाकीत तळाच्या पहिल्या सेंटिमीटरमध्ये जेमतेम ८ लिटर बसतात. १६ सेंटिमीटरच्या पातळीला एका सेंटिमीटरचे ४८ लिटर होतात, ३२ ला ६४ आणि बरोबर मध्यावर, म्हणजे ८० ला, पूर्ण ८० लिटर. पुढे वर जाताना याच आकड्यांची उलटी उतरंड. भिंतीवरचे ६२.८ म्हणजे या सगळ्यांची सरासरी. संपूर्ण टाकी भरली किंवा संपूर्ण रिकामी केली तरच ती लागू पडते. आमची टाकी कधीच पूर्ण भरत नाही आणि कधीच पूर्ण रिकामी होत नाही. टँकरचं डिझेल पडतं ते नेमकं मधल्या रुंद पट्ट्यात, म्हणून सरासरीने मोजलं की ते कमीच दिसणार.

दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडले की फरक डोळ्यांत भरतो.

| डीप (सेंमी) | सरासरीने (लिटर) | खरे (लिटर) |
|---|---|---|
| १६ | १,००५ | ५२३ |
| ३२ | २,०११ | १,४३१ |
| ४८ | ३,०१६ | २,५३७ |
| ६४ | ४,०२१ | ३,७५५ |
| ८० | ५,०२७ | ५,०२७ |
| ९६ | ६,०३२ | ६,२९८ |
| ११२ | ७,०३७ | ७,५१६ |
| १२८ | ८,०४२ | ८,६२२ |
| १४४ | ९,०४८ | ९,५३० |
| १६० | १०,०५३ | १०,०५३ |

अर्ध्याच्या खाली सरासरी जास्त दाखवते, अर्ध्याच्या वर कमी दाखवते, आणि मध्यावर दोघींचं जमतं. सगळ्यात मोठी चूक व्यासाच्या सुमारे १९ टक्के आणि ८१ टक्के पातळीला होते. ती पूर्ण टाकीच्या जवळजवळ पावणेसहा टक्के भरते, म्हणजे आमच्याकडे ५८० लिटर. ही टक्केवारी टाकीच्या मापावर अवलंबून नाही. सपाट टोकांची कुठलीही आडवी गोल टाकी घ्या, प्रमाण हेच येईल. २० हजार लिटरच्या टाकीत हीच चूक साडेअकराशे लिटरची होते.

आणखी एक धोका नीट लक्षात घ्या. अर्ध्याच्या खाली सरासरी जास्त दाखवते, याचा अर्थ टाकी रिकामी होत असताना आपल्याकडे आहे त्यापेक्षा जास्त डिझेल आहे असं वाटत राहतं. १६ सेंटिमीटर डीप बघून हजार लिटर आहे म्हणून निर्धास्त बसलात तर प्रत्यक्षात सव्वापाचशेच आहे. रात्रपाळीत जनरेटर बंद पडतो तो असाच.

खरे लिटर काढायचे कसे

कळण्याची एक गोल भाकरी डोळ्यांसमोर आणा. टाकीला आडवं कापलं तर जे वर्तुळ दिसेल ते म्हणजे ही भाकरी. डिझेलची पातळी म्हणजे भाकरीवरून सुरीने मारलेली आडवी रेघ. रेघेच्या खालच्या तुकड्याचं क्षेत्रफळ काढून त्याला टाकीच्या लांबीने गुणलं की झालं.

तो तुकडा सरळ मोजता येत नाही, म्हणून थोडा वळसा घ्यायचा. रेघ भाकरीच्या कडेला जिथे दोन ठिकाणी टेकते, तिथपर्यंत मध्यबिंदूपासून दोन काप द्या. खाली चतकोरासारखा एक तुकडा निघेल. त्यातून वरचा त्रिकोण वजा केला की उरतं ते डिझेल. सूत्रात पहिला भाग त्या चतकोराचा आणि दुसरा भाग त्रिकोणाचा आहे. `r` म्हणजे आतली त्रिज्या, `h` म्हणजे डीप, `L` म्हणजे आतली लांबी. सगळी मापं सेंटिमीटरमध्ये घ्यायची, म्हणजे शेवटी हजाराने भागलं की लिटर मिळतात.

```
V = L * ( r^2 * acos((r-h)/r) - (r-h) * sqrt(2*r*h - h^2) ) / 1000
```

३२ सेंटिमीटरचं उदाहरण हाताने करून बघू. त्रिज्या ८०, म्हणून r वजा h झाले ४८. ४८ भागिले ८० म्हणजे ०.६, आणि त्याचा acos ०.९२७३. ८० चा वर्ग ६,४००, गुणिले ०.९२७३ म्हणजे ५,९३४.७. हा झाला चतकोर. त्रिकोणासाठी २ × ८० × ३२ मधून ३२ चा वर्ग वजा करायचा, ४,०९६ येतात, त्याचं वर्गमूळ ६४. ४८ गुणिले ६४ म्हणजे ३,०७२. वजाबाकी २,८६२.७ चौरस सेंटिमीटर. ५०० ने गुणून हजाराने भागलं की १,४३१ लिटर.

इथे लोक दोन ठिकाणी फसतात. मोबाईलचा कॅल्क्युलेटर बहुतेक वेळा डिग्रीवर असतो आणि acos चं उत्तर ०.९२७३ ऐवजी ५३.१३ देतो. मग दहा हजारांच्या टाकीत एक लाख अडुसष्ट हजार लिटर निघतात. असं वेडंवाकडं उत्तर आलं की कॅल्क्युलेटर `RAD` वर करा. एक्सेलमध्ये ही अडचण येत नाही, तिथे ACOS आधीच रेडियनमध्ये असतो.

दुसरी चूक जास्त घातक आहे, कारण तिचं उत्तर पटण्यासारखं दिसतं. डीप अर्ध्याच्या वर गेली की r वजा h ऋण येतं. अंतर ऋण कसं असेल, असं म्हणून काही जण त्रिकोणाच्या भागातलं वजा चिन्ह पुसून टाकतात. त्या चिन्हाचं तिथे काम आहे. पातळी मध्याच्या वर असली की त्रिकोण वजा करायचा नसतो, मिळवायचा असतो, आणि ते काम चिन्ह आपोआप करतं. ते आहे तसंच राहू द्या. तपासायचं असेल तर एक सोपी युक्ती आहे. १२८ ची डीप म्हणजे वरून ३२ रिकामी. म्हणजे १०,०५३ मधून ३२ चे १,४३१ वजा केले की ८,६२२ यायलाच हवेत. तुमच्या चार्टात वरचा अर्धा भाग असा खालच्या अर्ध्याशी जुळत नसेल तर चिन्हाचा घोटाळा आहे.

आमच्या टँकरवर लावून बघितलं

जानेवारीतल्या एका टँकरची नोंद घेतो. ओतायच्या आधी डीप ३४.३ सेंटिमीटर. ओतल्यावर पंधरा मिनिटं थांबून, डिझेल स्थिर झाल्यावर ९९.९ सेंटिमीटर. चलन ५,००० लिटरचं.

भिंतीवरच्या सरासरीने आधीचे २,१५५, नंतरचे ६,२७७, म्हणजे मिळाले ४,१२२ लिटर. तूट ८७८. पुढे मीटरने अडीच हजार लिटर निघाले तेव्हा रजिस्टरमधली तूट साडेतीनशेच्या आसपास उरली होती आणि डीप पुन्हा चौतीसला आली तेव्हा ती जवळजवळ शून्य झाली. हाच तो आपोआप भरून निघणारा प्रकार.

सूत्राने आधीचे १,५८० आणि नंतरचे ६,६०२ आले, म्हणजे मिळाले ५,०२२ लिटर. ८७८ ची तूट गेली आणि उलट २२ लिटर जास्त निघाले. शेठजींना कागद दाखवला तेव्हा ते बराच वेळ बघत बसले. मग स्वतः फोन उचलून त्या ड्रायव्हरशी बोलले आणि चलनांवरचे जुने शेरे माझ्याकडून खोडून घेतले. मला ते फार बरं वाटलं.

बहुतेकांचं दुखणं इथेच संपेल. आमचं थोडं शिल्लक होतं, आणि ते दुखणं खान्देशातल्या कुठल्याही टाकीला होऊ शकतं.

बावीस लिटर जास्त का?

जास्त आलं म्हणून कोणी तक्रार करत नाही, म्हणून मीही आधी सोडून दिलं. मग मागच्या सगळ्या टँकरच्या नोंदी सूत्रातून काढल्या. प्रत्येक टँकरला पंधरा ते तीस लिटर जास्त. एकदाही कमी नाही. रॉडवरची रेघ वाचताना होणारी चूक कधी इकडे असते, कधी तिकडे. मधल्या पट्ट्यात एक मिलिमीटर म्हणजे आठ लिटर, तेव्हा दहा-पंधरा लिटरचा इकडेतिकडे फरक मी धरूनच चालतो. पण फरक कायम एकाच बाजूला पडत असेल तर तो वाचण्यातला नसतो. मापात कुठेतरी कायमची खोट असते.

संशय घ्यायला जागा तीन होत्या. व्यास चुकीचा असणं, रॉडचा शून्य चुकीचा असणं आणि टाकी कलती असणं.

व्यासासाठी बाहेरून टेप गुंडाळला. घेर ५०६.४ सेंटिमीटर आला. ३.१४१६ ने भागून १६१.२ सेंटिमीटर, त्यातून दोन्ही बाजूंचा ६ मिलिमीटरचा पत्रा वजा करून आतला व्यास १६०. तो बरोबर होता. हे वजा करायला विसरू नका. १६१.२ हाच व्यास धरला असता तर भरलेल्या टाकीत दीडशे लिटर फुकट वाढले असते. आमची टोकं सपाट आहेत म्हणून तिथे काही बघायचं नव्हतं. तुमच्या टाकीची टोकं फुगीर असतील तर मात्र सूत्र फक्त मधल्या सरळ भागाचं उत्तर देतं. एवढ्याच व्यासाच्या टाकीला प्रत्येक टोकाला १० सेंटिमीटरचा फुगवटा असेल तर टाकी पूर्ण भरल्यावर एकेका टोकात शंभर लिटर वेगळे मावतात. अशा टाकीला बनवणाऱ्याचा चार्ट मागून घेणं किंवा मापून चार्ट करून घेणं हेच बरं.

रॉडचं खालचं टोक झिजलेलं नव्हतं. झिजलेलं असतं तर रॉड तितका आखूड झाला असता आणि डीप नेहमी जास्त दिसली असती. टेपला लावून बघितलं, शून्यापासून सगळ्या रेघा बरोबर होत्या.

राहिला कल. आमच्या टाकीचा डीपचा पाईप एका टोकाला आहे, टोकाच्या पत्र्यापासून २० सेंटिमीटर आत. मॅनहोल बरोबर मध्यावर आहे. एका सकाळी मीटरची नळी बंद ठेवून, मोबाईल आणि विड्या-काड्या ऑफिसात ठेवून आम्ही मॅनहोल उघडलं. तोच पितळी रॉड आधी पाईपमधून टाकला आणि मग मॅनहोलमधून. पाईपमधून ५७.१ आले, मॅनहोलमधून ५४.८. एकाच टाकीत, एकाच मिनिटाला २.३ सेंटिमीटरचा फरक. गवंड्याची पाण्याची नळी दोन्ही टोकांना लावली तेव्हा डीपच्या बाजूचं टोक पाच सेंटिमीटर खाली निघालं. पाचशे सेंटिमीटर लांबीत पाच, म्हणजे शंभराला एक. डीपचा पाईप मध्यापासून २३० सेंटिमीटरवर आहे, म्हणजे तिथे २.३ जास्त दिसायलाच हवेत. दोन्ही मापांचा मेळ बसला.

आमच्याकडे फिटर म्हणून आयुष्य काढलेले एक आबा आहेत. त्यांनी टाकीखाली वाकून बघितलं आणि लगेच सांगितलं की ही खुर्ची बसली आहे. आवारातली माती काळी, कपाशीची. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातहात भेगा पडतात. खुर्च्यांचा पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर एक बाजू हळूहळू बसतेच.

मध्यावर घेतलेल्या डीपची एक फार सोयीची गोष्ट आहे. टाकी कलली की एका टोकाला डिझेल जितकं वाढतं जवळपास तितकंच दुसऱ्या टोकाला कमी होतं, आणि मध्यावरची खोली तशीच राहते. आमच्या एवढ्या कलाला मध्यावरच्या डीपने हिशेब केला तर चूक लिटरभराचीही होत नाही. म्हणून सूत्र बदलायची गरज पडली नाही. पाईपमधल्या प्रत्येक डीपमधून २.३ वजा करायचे आणि मग सूत्रात घालायचे. टाकी अगदी तळाला गेली किंवा काठोकाठ भरली तर हे चालत नाही, कारण तेव्हा एक टोक कोरडं पडतं किंवा छताला टेकतं. पण तिथपर्यंत कोणी जातही नाही.

तोच जानेवारीचा टँकर पुन्हा घ्या. ३४.३ चे झाले ३२.०, म्हणजे १,४३१ लिटर. ९९.९ चे झाले ९७.६, म्हणजे ६,४२३ लिटर. मिळाले ४,९९२. चलनापेक्षा ८ लिटर कमी, म्हणजे रॉडवरचा एक मिलिमीटर. एवढ्यावर मी समाधानी आहे.

आता यात एक गोम आहे. कल असताना टँकरच्या मापात चूक फक्त तीस लिटरची होती, म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखी. कारण आधीची आणि नंतरची दोन्ही डीप सारखीच वाढलेली असते आणि वजाबाकीत चूक बहुतेक कटून जाते. पण टाकीतल्या शिलकीच्या मापात काहीच कटत नाही. ३४.३ ला आम्ही १,५८० लिटर धरत होतो आणि होते १,४३१. दीडशे लिटर फक्त कागदावर होते. मार्चअखेरीच्या साठ्यात ते धरले गेले असते तर पुढच्या वर्षी ते "गायब" झाले असते आणि त्याचा आळ लोडरच्या पोरांवर आला असता. म्हणून टँकर जुळला म्हणजे शिल्लकही जुळली असं समजू नका.

एक्सेलमध्ये बसवताना

`B1` मध्ये आतला व्यास, `B2` मध्ये आतली लांबी, `B3` मध्ये कलाची वजावट. `A5` मध्ये पाईपमधली डीप टाकायची. `B5` मध्ये दुरुस्त डीप आणि `C5` मध्ये लिटर येतात.

```
B5:  =A5-$B$3
C5:  =$B$2*(($B$1/2)^2*ACOS(($B$1/2-B5)/($B$1/2))-($B$1/2-B5)*SQRT($B$1*B5-B5^2))/1000
```

१६०, ५०० आणि २.३ घालून `A5` मध्ये ३४.३ टाका. `C5` मध्ये १,४३१ आले तर सूत्र बरोबर उतरलं. `#NUM!` आलं तर दुरुस्त डीप शून्याच्या खाली किंवा व्यासाच्या वर गेली आहे, किंवा व्यास मीटरमध्ये आणि डीप सेंटिमीटरमध्ये लिहिली आहे. आमच्या वॉचमनला एक्सेल नको होतं, म्हणून अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरचा चार्ट छापून प्लॅस्टिकमध्ये घालून शेडमध्ये टांगला आणि भिंतीवरचा खडू पुसला. हा चार्ट आमच्या घरच्या हिशेबासाठी आहे. विक्रीचा पंप असेल तर तिथे टाकीचा प्रमाणित कॅलिब्रेशन चार्टच चालतो.

उन्हाळ्याचं एक सांगून ठेवतो. एप्रिल-मे मध्ये टँकर दुपारचा येतो, डिझेल तापलेलं असतं. रात्री टाकीत ते थंड होतं आणि आकसतं. दर अंशाला हजारी साधारण पाऊण ते एक लिटर धरा. पाच हजार लिटर दहा अंशांनी थंड झाले की सकाळी सुमारे चाळीस लिटर कमी दिसतात आणि ते कुणीही नेलेले नसतात. टँकरची डीप ओतल्यानंतर पंधरा मिनिटांनीच घ्या, दुसऱ्या दिवशीवर ढकलू नका. रोजच्या शिलकीची डीप मात्र दररोज सकाळी एकाच वेळी घ्या.

कल कायमचा तेवढाच राहील असं धरू नका. आम्ही पोळ्यानंतर, पाऊस बराच झालेला असताना, पाईप आणि मॅनहोल दोन्हीकडून पुन्हा डीप घेतली. फरक २.३ चा २.६ झाला होता. `B3` मध्ये २.६ टाकले, चार्ट नवा छापला, आणि दिवाळीनंतर हंगाम सुरू व्हायच्या आत खुर्चीचा पाया मुरमापर्यंत खोदून पुन्हा भरायचं ठरलं आहे. ते झालं की त्याच दिवशी दोन्हीकडून डीप घेऊन `B3` पुन्हा लिहीन.